'म्हणून' आणि 'सारखा' : सरांनी दिलेली कसोटी

आपल्या शाळेत इंग्रजी पाचवीपासून होतं. आठवीला आम्हाला इंग्रजी शिकवायला जे सर आले, त्यांचा मुलगा आमच्याच वर्गात, खिडकीजवळच्या बाकावर बसायचा. 'लाइक' आणि 'ॲज' यांतला फरक सरांनी त्या मुलाच्याच आधारे समजावून दिला. इतका नेमका समजावून दिला, की आज माझं पोट ज्या कामावर चालतं त्यातला निम्मा विवेक मला त्या एका तासातून मिळाला असं मी मानतो.

सरांनी फळ्यावर दोन वाक्यं लिहिली : 'आय ॲडव्हाइज हिम ॲज अ फादर' आणि 'आय ॲडव्हाइज यू लाइक अ फादर'. मग मुलाकडे बोट दाखवून म्हणाले, "याले मी बाप म्हणून सांगतो. कारण मी याचा बाप आहोच. तुम्हाले बापासारखा सांगतो. तुमचे बाप घरी आहेत, मी त्यांच्यासारखा फक्त." मागून कोणीतरी विचारलं, "मंग सर, शिक्षक?" सर म्हणाले, "शिक्षक म्हणून दोघायलेही. ॲज अ टीचर."

एका माणसाची तीन नाती आणि त्यांना दोन शब्द. माणूस त्या जागेवर खरोखर असेल तर 'ॲज', त्या जागेवरच्या माणसाशी नुसतं साम्य असेल तर 'लाइक'. मराठीत म्हणून पाहायचं : 'म्हणून' आलं तर 'ॲज', 'सारखा' किंवा नामापुढे 'प्रमाणे' आलं तर 'लाइक'. नोकरीच्या अर्जात 'आय वर्क्ड लाइक अ क्लर्क' असं लिहिलेलं मी पुष्कळदा वाचलं आहे. लिहिणाऱ्याने लिपिकाची नोकरी खरोखर केलेली असते, पण वाक्य सांगतं की तो लिपिक नव्हता, लिपिकासारखं काम करत होता. ज्या अनुभवासाठी अर्ज केला, तोच एका शब्दाने पुसला जातो.

या कसोटीच्या मर्यादाही सरांनी त्याच आठवड्यात सांगितल्या, आणि मला त्याचं मोल अधिक वाटतं. पहिली मर्यादा अशी, की तुलनेनंतर पूर्ण क्रियापद आलं तर साम्य असूनही लेखी इंग्रजीत 'ॲज' लागतं. 'बाबांसारखा पेरतो' हे 'लाइक माय फादर', पण 'बाबा जसं पेरतात तसं पेरतो' हे 'ॲज माय फादर डज'. मराठीत 'जसं–तसं' आलं की पुढे क्रियापद येणार हे आपल्याला आपोआप कळतं, त्यामुळे ही खूणही घरचीच आहे. बोलताना इंग्रज आणि अमेरिकन माणसं इथेही सर्रास 'लाइक' वापरतात आणि जुन्या लेखनातही तसं सापडतं. १९५४ साली एका अमेरिकन सिगारेटच्या जाहिरातीत असं 'लाइक' आलं, तेव्हा व्याकरणवाल्यांनी केवढं वादळ उठवलं होतं! बोलण्यात मी कोणाला अडवत नाही. अर्जात, दस्तात, परीक्षेत मात्र 'ॲज'च लिहावं.

दुसरी मर्यादा काही क्रियापदांची. 'तो मला मुलगा मानतो' यात 'म्हणून' कुठेच दिसत नाही, तरी इंग्रजीत 'रिगार्ड्स मी ॲज अ सन' असंच होतं. 'रिगार्ड'ला 'ॲज' जोडूनच येतं, ते पाठच करायचं. आणि 'पाऊस आला म्हणून थांबलो' हे 'म्हणून' कारणाचं आहे. योगायोग असा की तिथेही 'ॲज' चालतं, पण त्याचा भूमिकेशी संबंध नाही.

आता माझ्या कामाबद्दल. जिल्ह्याच्या दिवाणी दाव्यांतले मराठी कागद नागपूर खंडपीठात अपिलासाठी जातात, तेव्हा त्यांचं इंग्रजी भाषांतर करावं लागतं. ते मी करतो. एका दाव्यात मयत शेतकऱ्याच्या जमिनीवर दत्तकपुत्र म्हणून एकाने हक्क सांगितला होता. एका साक्षीदाराच्या जबानीत वाक्य होतं, 'मयत त्याला घरच्या मुलाप्रमाणे वागवत.' दुसऱ्याच्या जबानीत होतं, 'मयताने शाळेत त्याचं नाव स्वतःचा मुलगा म्हणून घातलं.' आधीच्या भाषांतरात दोन्हीकडे 'ॲज हिज सन' आलं होतं. इंग्रजीत वाचणाऱ्याला वाटावं, दोघेही एकच गोष्ट सांगत आहेत. मूळ मराठीत तसं नव्हतं. पहिला साक्षीदार माया सांगत होता, नातं सांगत नव्हता. सालदारालाही घरच्या मुलाप्रमाणे वागवणारी घरं आपल्याकडे आहेतच. दुसरा मात्र मयताने जाहीरपणे मान्य केलेलं नातं सांगत होता. मी पहिल्या ठिकाणी 'लाइक अ सन ऑफ द हाउस' केलं आणि दुसऱ्या ठिकाणी 'ॲज हिज सन' ठेवलं.

एवढ्यावरून दत्तक सिद्ध होत नाही, हेही सांगितलं पाहिजे. १९५६ च्या हिंदू दत्तक आणि निर्वाह कायद्याप्रमाणे मूल प्रत्यक्ष देण्याघेण्याची क्रिया झाली पाहिजे. पण कोणता साक्षीदार कोणत्या बाजूला किती वजन टाकतो, हे त्या एका शब्दावर ठरतं, आणि ते वजन बदलण्याचा भाषांतरकाराला अधिकार नाही.

उदाहरणं देताना 'सच ॲज' की 'लाइक', हा प्रश्न त्याहून नाजूक आहे, कारण इथे मराठीची कसोटी कामी येत नाही. आपलं 'सारखी' दोन्ही अर्थांनी चालतं. मक्त्याच्या शेताचा करार घ्या : 'मक्तेदाराने संत्र्यासारखी फळझाडं लावू नयेत.' गावात कोणालाही विचारा, संत्रा आधी बाद. इंग्रजीत 'फ्रूट ट्रीज लाइक ऑरेंज' लिहिलं, तर काटेकोर वाचणारा म्हणू शकतो की बंदी संत्र्याशी साम्य असलेल्या झाडांवर आहे, म्हणजे मोसंबी, लिंबू यांवर. खुद्द संत्र्यावर नाही. 'सच ॲज ऑरेंज' लिहिलं की संत्रा हेच उदाहरण ठरतं आणि ही पळवाट बंद होते. शब्दकोश उदाहरणासाठी 'लाइक' मान्य करतात आणि रोजच्या लिहिण्यात ते चुकीचं नाही. मी स्वतः करारात ते कधीच येऊ देत नाही.

शिवाय स्वल्पविराम पाहावा लागतो. 'सच ॲज'च्या आधी स्वल्पविराम नसेल, तर बंदी संत्र्याच्या जातीच्या फळझाडांपुरती राहते. स्वल्पविराम दिला तर बंदी सगळ्याच फळझाडांवर जाते आणि संत्रा हा नुसता नमुना उरतो. म्हणून अशा करारात मी मालकाला आधी विचारतो, आंबा चालेल का? तो 'चालते' म्हणाला तर स्वल्पविराम काढतो, 'कोणतंच झाड नको' म्हणाला तर ठेवतो. 'सच ॲज' असलेल्या वाक्यात शेवटी 'इत्यादी' मात्र जोडत नाही, कारण यादी अपुरी असल्याचं 'सच ॲज'नेच सांगितलेलं असतं.