पंख्याबरोबर गेलेलं ‘नाही’

मुलाखती, भाषणं, घरगुती ध्वनिमुद्रणं साफ करून देणं हे माझं रोजचं काम. बहुतेक वेळा पंखा कमी करायचा, आवाज सारखा करायचा आणि फाइल पाठवायची, एवढंच असतं. पण लालबागच्या एका चाळीत झालेली एका निवृत्त गिरणी कामगाराची मुलाखत अजून डोक्यातून जात नाही.

अभ्यासक ताईंनी मला ती आधीच साफ झालेली पाठवली होती. दुसऱ्या एका स्टुडिओत पंखा आणि रस्ता काढून घेतला होता. “आवाज थोडा कोरडा वाटतो, बघाल का?” एवढीच त्यांची विचारणा. सोबत टंकलेला मजकूर होता. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपाबद्दल काका सांगत होते, आणि एका ठिकाणी टंकलं होतं : “संपाचा मला पस्तावा होतो.” आधीच्या दहा मिनिटांतलं त्यांचं बोलणं याच्या अगदी उलट होतं. मी ते वाक्य ऐकलं. ‘होत’पर्यंत आवाज, मग एकदम ठार शांतता. स्पेक्ट्रोग्राममध्ये, म्हणजे आवाजाचे उंच-खालचे सूर पट्ट्यांत दाखवणाऱ्या चित्रात, तिथे सुरीने कापल्यासारखी काळी उभी कड दिसत होती. खोलीत माणूस बोलताना असा काळोख कधीच नसतो. मी मूळ फाइल मागितली. ताईंच्या रेकॉर्डरच्या कार्डावर ती नशिबाने शिल्लक होती.

मुळात खूप गोंगाट होता. डोक्यावर सीलिंग फॅन, खिडकीखाली रस्ता. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे पंख्याच्या मोटरची गुणगुण १०० हर्ट्झवर आणि तिच्या पटीत बारीक आडव्या रेषांसारखी दिसते. तिच्यापेक्षा त्रासदायक असतो तो पात्यांच्या हवेचा फस्स आवाज, कारण तो सगळ्या पट्ट्यांत पसरलेला असतो. आणि मराठीत ‘नाही’ वाक्याच्या शेवटी येतं, जिथे दम संपत आलेला असतो. त्यातला ‘ह’ म्हणजे जवळजवळ नुसता श्वास. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरचं Noise Reduction प्रत्येक पट्टीत एवढंच बघतं की आवाज आपण दिलेल्या नमुन्यातल्या गोंगाटापेक्षा पुरेसा वर आहे की नाही. नसेल तर दाबून टाकतं. थकलेल्या म्हाताऱ्या माणसाचा ‘ह’ आणि पंख्याची हवा यांत फरक करणं त्याला शक्य नाही.

मी नव्याने सुरुवात केली. आधी ८० हर्ट्झच्या खालचा आवाज गाळणारा हाय-पास लावला. बसच्या इंजिनाची घरघर बरीचशी तिथेच गेली. १०० हर्ट्झवर तेवढाच सूर कापणारा नॉच लावायचा मोह होता, पण काकांचा आवाज वाक्याच्या शेवटी नेमका तिथपर्यंत उतरत होता. गुणगुणीबरोबर त्यांच्या आवाजाचा तळच निघून गेला असता, म्हणून ती रेष राहू दिली. मग प्रश्न आणि उत्तर यांच्या मधला, गाडी नसलेला, फक्त पंख्याचा दोनेक सेकंदांचा तुकडा निवडून Get Noise Profile ने त्याचा नमुना घेतला. मध्येच कुणीतरी रेग्युलेटर वाढवला होता. त्याची ‘टक’ ऐकू येते, आणि तिथून पुढचा पंखा वेगळा असल्याने पुढच्या भागासाठी नमुनाही वेगळा घ्यावा लागला. कपात फक्त ६ डेसिबल ठेवली.

त्यानंतर Residue निवडून ऐकलं. यात आपण काय काढतोय तेवढंच ऐकू येतं. तिथे नुसता पंखा असला पाहिजे. मला ‘स’, ‘श’ची कुजबुज ऐकू आली. किती आवाजाला गोंगाट समजायचं ते ठरवणारी Sensitivity उतरवत नेली तेव्हा ती कुजबुज थांबली. ही परीक्षा अर्ध्या मिनिटाची आहे, तरी कपातीचा आकडा तीसपर्यंत ओढून मोकळे होणारे लोक ती करत नाहीत याचा मला खरोखर राग येतो. गिऱ्हाइकाला शांतता विकायची असते आणि शांतता मिळवणं फार सोपं असतं.

वाहनांवर मात्र नमुन्याचा उपाय चालत नाही, कारण दर क्षणी आवाज बदलतो. दोन वाक्यांच्या मधले हॉर्न स्पेक्ट्रोग्राममध्ये आडव्या पट्ट्यांसारखे दिसतात. तेवढ्याच पट्ट्या निवडून Spectral Edit Multi Tool ने दाबता येतात. शब्दांवर आलेले हॉर्न मी तसेच सोडले.

“संपाचा मला पस्तावा होत नाही.” ‘नाही’ बसखाली दबलेलं आहे, पण आहे. ताईंनी आणि काकांच्या मुलीने हेडफोन लावून पुन्हा पुन्हा ऐकलं. मुलगी म्हणाली, “बाबा असंच बोलायचे, शेवट गिळून.” काका आता नाहीत, त्यांना विचारता येत नाही.

ताईंनी मजकूर दुरुस्त केला आणि पंखा ऐकू येणारी फाइलच संग्रहात ठेवली. पण त्याच मालिकेतल्या बाकीच्या मुलाखतीही त्याच स्टुडिओतून साफ होऊन आल्या होत्या आणि त्यांतल्या बऱ्याच मूळ फाइली जागा करण्यासाठी पुसल्या गेल्या आहेत. आता मी त्या एकेक उघडून वाक्यांचे शेवट तपासतोय. काळी कड दिसली की ताईंना मिनिट-सेकंद कळवतो आणि मजकुरात तिथे ‘शेवट अस्पष्ट’ असं लिहायला सांगतो.