चौथा मार्क

«मॅडम, गणिताचा आणि माझ्या उत्तराचा फोटो पाठवतोय. वर्गात शिकवलेल्या पद्धतीने न करता मी दुसऱ्याच पद्धतीने केलंय. उत्तर तेच आलंय. पूर्ण मार्क मिळतील ना?»

मिळतील, पण पद्धत बदलली की तिच्याबरोबर दाखवायची गोष्टही बदलते. ती नवी गोष्ट वहीत लिहिलेली असेल तरच. तुम्ही विचारलंत म्हणून हे एका मुलाने पाठवलेल्या फोटोवरूनच सांगते. नुसतं हो किंवा नाही म्हणून या प्रश्नाचं काहीच हाती लागत नाही.

गणित असं होतं: एका बंद वृत्तचितीचं घनफळ 16π घन सेंमी आहे. तिचं एकूण पृष्ठफळ कमीत कमी असेल, तर त्रिज्या आणि उंची काढा. मार्क ४.

वर्गातली पद्धत सरळ आहे. घनफळावरून h = 16/r² मिळते. ती पृष्ठफळाच्या सूत्रात घातली की सगळं r मध्ये येतं:

S = π(2r² + 32/r)

याचा १ मार्क. मग अवकलज शून्य धरायचा: 4r − 32/r² = 0, म्हणजे r³ = 8, म्हणजे r = 2. याचा १. दुसरा अवकलज r = 2 ला धन येतो, म्हणून तिथे किमान किंमत. याचा १. आणि शेवटी h = 4, हा चौथा.

त्या मुलाने अवकलजाला हातच लावला नव्हता. पहिली ओळ तीच, आणि पुढे हे एवढंच:

S = π(2r² + 16/r + 16/r) ≥ π × 3 × ∛512 = 24π

∴ किमान S = 24π, r = 2, h = 4.

फोटो जरा तिरका होता, पण अक्षर स्पष्ट होतं. दुसऱ्या ओळीवर मी बराच वेळ थांबले, कारण खरी मेख तिथे आहे. धन संख्यांचा अंकगणिती मध्य त्यांच्या भूमिती मध्यापेक्षा कधीच लहान नसतो, हे बऱ्याच मुलांना पाठ असतं. पण 32/r चे दोन सारखे भाग करायचे हे त्याला सुचलं होतं. असं का करायचं? तीन पदांचा गुणाकार करून बघा: 2r² × 16/r × 16/r. वरचा r² आणि खालचा r² एकमेकांना खातात आणि उरतात नुसते 512. गुणाकारात r उरला नाही, म्हणूनच उजवी बाजू स्थिर झाली. मी त्याला लगेच कळवलं की ही फोड फार सुंदर आहे. आणि त्याखाली लिहिलं: ४ पैकी ३.

त्याचं उत्तर लगेच आलं. उत्तर बरोबर आहे, पद्धत बरोबर आहे, मग एक मार्क कुठे गेला?

मी त्याला उलट एक विधान पाठवलं: S ≥ 10π. हे खरं की खोटं? खरंच आहे. जे 24π पेक्षा कमी होत नाही ते 10π पेक्षा कमी कसं होईल? मग किमान पृष्ठफळ 10π म्हणायचं का? अर्थातच नाही, कारण कुठलीही त्रिज्या घेतली तरी 10π येतच नाही. म्हणजे «≥» एवढंच सांगतं की पृष्ठफळ या आकड्याच्या खाली उतरत नाही. ते त्या आकड्यापर्यंत खरोखर पोचतं का, हे वेगळं दाखवावं लागतं. त्याच्या वहीत नेमकी तीच ओळ नव्हती. r = 2 कुठून आलं तेही नव्हतं. एका ओळीतून थेट दुसरीत उडी होती.

त्याला लागणारी ओळ अशी आहे: तिन्ही पदं सारखी असतील तेव्हाच, आणि फक्त तेव्हाच, समानता येते; 2r² = 16/r, म्हणून r³ = 8, r = 2, आणि r = 2 ला तिन्ही पदं 8 होतात. बस. या एका ओळीत दोन कामं होतात. 24π ही किंमत प्रत्यक्षात मिळते हे कळतं, आणि ती फक्त r = 2 लाच मिळते हेही कळतं. गणितात त्रिज्या विचारली आहे, म्हणून हे दुसरं कामही तितकंच गरजेचं आहे.

ही ओळ म्हणजे केवळ औपचारिकता नाही, कारण ती वगळली की साफ चुकीचं उत्तरही दिसायला अगदी बरोबर दिसतं. हे गणित करून पाहा: x ही कोणतीही वास्तव संख्या असताना (x² + 2) + 1/(x² + 2) ची किमान किंमत काढा. दोन्ही पदं धन, गुणाकार 1, म्हणून बेरीज 2 पेक्षा कमी नाही. किमान किंमत 2, असं लिहून कितीतरी जण मोकळे होतात. पण समानतेसाठी x² + 2 = 1 हवं, आणि तसं होऊच शकत नाही. खरी किमान किंमत 5/2, x = 0 ला. वृत्तचितीच्या गणितात त्या मुलाचं उत्तर बरोबर आलं कारण तिथे समानता येत होती. पण ती येते हे त्याने तपासलं होतं की नाही, हे वही तपासणाऱ्याला कळायला काही मार्ग नव्हता.

एक गोष्ट मला स्वतःला टोचत होती, तीही सांगते. दुसऱ्या वाटेने आलेल्याला मी जास्त कडक नियम लावते आहे का? नेहमीच्या पद्धतीने करणारी मुलं दुसरा अवकलज r = 2 ला 12π येतो, तो धन आहे, म्हणून किमान, एवढं लिहितात आणि पूर्ण मार्क घेतात. नीट पाहिलं तर ती कसोटी फक्त r = 2 च्या आसपासचं बोलते. दूर कुठेतरी पृष्ठफळ आणखी खाली जात नाही ना, हे ती सांगत नाही. मग त्यांना सूट आणि याला नाही, असं का? मी पुन्हा त्यांच्या वह्यांकडे पाहिलं. r³ = 8 ला एकच वास्तव मूळ आहे, आणि r > 0 च्या सगळ्या पट्ट्यात अवकलज फक्त तिथेच शून्य होतो. असा बिंदू एकुलता एक असेल तर आसपासचं किमान तेच सगळीकडचं किमान. म्हणजे त्यांच्या निष्कर्षाला लागणारं सगळं सामान कागदावर होतं, थोडं विस्कळीत असेल एवढंच. याच्या कागदावर समानतेचं अक्षरही नव्हतं. म्हणून ३ कायम ठेवले. उलट, त्याने ती ओळ लिहिली असती तर त्याचं उत्तर वर्गातल्या पद्धतीपेक्षा जास्त भक्कम झालं असतं, कारण त्याची असमानता प्रत्येक धन r ला लागू पडते. त्याला आसपासचं आणि सगळीकडचं असा भेद करावाच लागत नाही.

त्याच आठवड्यात त्याच्या मैत्रिणीचा फोटो आला. तिने त्याची पद्धत ऐकून घेतली होती, पण फोड केली नव्हती. 2r² आणि 32/r ही दोनच पदं घेतली, ती सारखी असताना बेरीज किमान असणार असं धरलं, आणि 2r² = 32/r वरून r³ = 16 काढलं. त्यावरून उंची त्रिज्येइतकीच, h = r, असं आलं. तिने समानतेची ओळ लिहिली होती, अगदी व्यवस्थित. तरीही उत्तर चुकलं, कारण तिच्या उजव्या बाजूला 16√r उरत होतं. उजवी बाजूच r बरोबर हलत असेल तर दोन पदं सारखी होण्याला किमान किमतीशी काही देणंघेणं राहत नाही. r³ = 16 म्हणजे r साधारण 2.52, आणि तिथे पृष्ठफळ जवळजवळ 25.4π येतं, 24π पेक्षा जास्त. तिला पहिल्या ओळीचा १ मार्क दिला. असं चुकलंय का हे ओळखायचा उपाय सोपा आहे: चल राशीची आणखी एक किंमत घालून बघायची. r = 2 घातलं असतं तरी कमी आकडा समोर आला असता.

आता फोटोबद्दल. माझ्याकडे येणाऱ्या कित्येक फोटोंत उत्तर पूर्ण असतं आणि प्रश्न अर्धा कापलेला असतो. पूर्ण मार्कांचा निकाल मात्र त्या कापलेल्या ओळीवर ठरू शकतो. «अवकलजाचा उपयोग करून» असं प्रश्नात छापलेलं असेल, तर तिथे ती पद्धत येते का हेच तपासायचं असतं. मग समानतेच्या ओळीसकट लिहिलेलं सुंदर उत्तरही पूर्ण मार्क मिळवत नाही. असे शब्द नसतील तर कोणतीही बरोबर रीत चालायला हवी, आणि बऱ्याच परीक्षांत तपासनिसांना तशी स्पष्ट सूचनाही असते. फक्त तपासणारी व्यक्ती तुमच्या ओळखीची नसते, तिच्या हातात पुष्कळ पेपर असतात आणि पुढ्यात नेहमीच्या पद्धतीचं नमुना उत्तर असतं. म्हणून वेगळ्या रीतीत पहिल्या वापराच्या ठिकाणी नियमाचं नाव लिहा आणि अट लिहा: «r > 0 असल्याने तिन्ही पदं धन, अंकगणिती मध्य ≥ भूमिती मध्य.» त्या मुलाच्या कागदावर हेही नव्हतं. त्याचा मी मार्क कापला नाही, पण दुसरं कोणी कापला असता तर मला त्याच्या बाजूने फार बोलता आलं नसतं.

दोन दिवसांनी त्याचा नवा फोटो आला. या वेळी प्रश्न त्याचा स्वतःचाच होता: घनफळ तेच, पण वरचं झाकण काढून टाकलं तर? त्याने S = π(r² + 16/r + 16/r) लिहिलं होतं, शेजारी r > 0, खाली समानतेची ओळ, r³ = 16, आणि शेवटी h = r. मैत्रिणीचं जे उत्तर बंद वृत्तचितीला चुकलं होतं, ते उघड्या भांड्याला बरोबर लागू पडत होतं. खाली त्याने विचारलं होतं, «आता?» मी ४ लिहिले, आणि हा फोटो तिलाही पाठव म्हणून सांगितलं.