लॉगमधला एकच रकाना

पावणेबाराच्या सुमारास स्क्रीनवर लाल पट्टी आली. एका कर्मचाऱ्याचं खातं पाच मिनिटांच्या आत दोन वेगवेगळ्या देशांतून वापरलं गेलं होतं. आमच्या कामात याला ‘इम्पॉसिबल ट्रॅव्हल’ म्हणतात, कारण इतक्या वेळात माणूस तिथे पोचूच शकत नाही. बहुतेक वेळा याचा अर्थ कुणीतरी त्याचा पासवर्ड किंवा कुकी चोरली आहे, असाच निघतो. अशा वेळी लगेच खातं बंद करायचं, नाहीतर कारण शोधायचं. मी सर्व्हरचा लॉग उघडला.

```
198.51.100.23  11:38:07  GET  /hajeri  sid=9f3c
203.0.113.80   11:42:51  POST /takrar  sid=9f3c
```

(आयपी पत्ते बदलले आहेत. हे दोन्ही उदाहरणांसाठी राखून ठेवलेल्या गटांतले.)

पहिल्या ओळीत कुणीतरी घरून हजेरीचं पान उघडलं होतं. दुसऱ्या ओळीत, परदेशातल्या पत्त्यावरून, तक्रारीचा फॉर्म भरला होता. आमच्या अंतर्गत पोर्टलवर हा फॉर्म आहे आणि वर ठळक अक्षरांत लिहिलंय, ‘तुमचं नाव कुणालाही कळणार नाही’. शेवटचा रकाना दोन्ही ओळींत सारखाच होता. तो सेशनचा क्रमांक. माणूस सकाळी लॉगिन करतो तेव्हा सर्व्हर त्याच्या ब्राउझरला हा क्रमांक कुकीत घालून देतो आणि त्यानंतरच्या प्रत्येक मागणीबरोबर ब्राउझर तो निमूटपणे परत पाठवत राहतो. क्रमांक कुणाचा हे शोधायचीही गरज नव्हती, कारण इशाऱ्यातच खात्याचं नाव होतं. आमच्याकडे तीन महिन्यांपूर्वी लागलेला मुलगा.

मला जे कळायला नको होतं, तेच कळून बसलं होतं.

तरी फोन करावाच लागला. खातं खरंच चोरीला गेलं असतं तर? मी विचारलं, “अकरा बेचाळीसला पोर्टलवर तूच होतास का?” पलीकडे बराच वेळ शांतता. मग हळूच, “मॅडम, तुम्हाला कसं कळलं? मी व्हीपीएन लावलं होतं.”

त्याच्या आवाजात भीतीपेक्षा आश्चर्य जास्त होतं. त्याच्या डोक्यातलं चित्र मला लगेच दिसलं, कारण सुरुवातीला सगळ्यांचंच तसं असतं. व्हीपीएन म्हणजे अदृश्य करणारा अंगरखा, एकदा पांघरला की आपण कुणीच नाही. त्याने सगळं मन लावून केलं होतं. आपली मागणी ज्यातून फिरून जाईल असा परदेशातला व्हीपीएनचा सर्व्हर निवडला, ‘तुमचा आयपी काय’ सांगणाऱ्या पानावर जाऊन पत्ता बदलल्याची खात्री केली, मगच तक्रार लिहिली. फक्त लिहिली त्याच ब्राउझरमध्ये, ज्यात सकाळपासून तो स्वतःच्या नावाने लॉगिन होता.

संध्याकाळी तो माझ्या टेबलापाशी येऊन बसला. मी त्याच दोन ओळी त्याला दाखवल्या आणि विचारलं, “तुझ्या व्हीपीएनने यातलं काय बदललं?” त्याने पहिल्या रकान्यावर बोट ठेवलं. “आणि?” बोट तिथेच राहिलं.

“पण व्हीपीएन तर सगळं एन्क्रिप्ट करतं ना?” त्याने विचारलं. करतं, पण तुझ्या लॅपटॉपपासून व्हीपीएनच्या सर्व्हरपर्यंतच. तिथून पुढे मागणी आमच्याकडे येते ती साध्या एचटीटीपीएसच्या कुलपात. ते कुलूप तुझ्या ब्राउझरने लावलेलं असतं आणि आमचा सर्व्हर उघडतो. मधल्या व्हीपीएनला आतलं दिसतही नाही, मग तुझी कुकी ते काढून टाकणार कसं? पत्र दुसऱ्या गावच्या पोस्टातून टाकलं, पण आत सही स्वतःचीच. उलट त्या दुसऱ्या गावच्या शिक्क्यामुळेच माझं लक्ष गेलं. व्हीपीएन न लावता त्याने तक्रार टाकली असती तर इशारा वाजलाच नसता. सेशन लॉगमध्ये तेव्हाही उमटलं असतं, पण ती ओळ बघायला कुणी बसलं नसतं.

तो हुशार आहे. म्हणाला, मग प्रायव्हेट विंडो उघडतो, लॉगिन करत नाही, व्हीपीएन लावतो. आम्ही चाचणीच्या सर्व्हरवर करून पाहिलं. कुकी खरोखरच आली नाही. पण पान उघडल्यावर त्यातली स्क्रिप्ट ब्राउझरला काही साधे प्रश्न विचारू शकते. उदाहरणार्थ, हा:

```
Intl.DateTimeFormat().resolvedOptions().timeZone
```

उत्तरात त्याचाच टाइमझोन आला. म्हणजे पत्ता एका देशातला आणि घड्याळ दुसऱ्या देशातलं. स्क्रीनची मापं, ब्राउझरची भाषा, बसवलेले फाँट असं एकेक गोळा करत गेलं की ब्राउझरची एक ठेवण तयार होते, तिला फिंगरप्रिंट म्हणतात. २०१० मध्ये इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेने सुमारे ४ लाख ७० हजार ब्राउझर तपासले, तेव्हा त्यांतल्या ८३.६ टक्क्यांची ठेवण त्या गर्दीत एकमेव निघाली. नंतर काही ब्राउझरांनी याविरुद्ध उपाय केले आहेत, आणि आजचा आकडा तोच असेल असं मी म्हणणार नाही. पण आमच्या पोर्टलवर येणारी माणसं जेमतेम चाळीस. चाळिसांत एकटं पडायला एकमेव असावं लागत नाही. नेहमीपेक्षा वेगळा मॉनिटर असला तरी पुरतं.

“म्हणजे व्हीपीएन खोटंच?” असं नव्हे. सार्वजनिक वायफायवर बसला असशील तर त्या वायफायच्या मालकाला, आणि घरी तुझ्या इंटरनेट कंपनीला, तू कुठल्या साइटवर जातोस हे त्याने दिसत नाही. आणि ज्या साइटवर तू लॉगिन नाहीस, तिला तुझा खरा पत्ता मिळत नाही. एवढं काम ते चोख करतं. फक्त जे इंटरनेट कंपनीला दिसायचं ते आता व्हीपीएनवाल्याला दिसतं. तू पैसे भरलेस ते त्याच्या दप्तरी आहे, तुझा खरा पत्ताही त्याच्यासमोर आहे. २०११ साली सोनी पिक्चर्सवरच्या सायबर हल्ल्याप्रकरणी लुल्झसेक या हॅकर गटातला एक तरुण पकडला गेला. त्याने वापरलेल्या हाइडमायअ‍ॅस या व्हीपीएन सेवेकडे जोडणीच्या नोंदी होत्या आणि न्यायालयाच्या आदेशानंतर त्या दिल्या गेल्या. ‘आम्ही नोंदी ठेवत नाही’ असं जाहिरातीत वाचताना मला हे प्रकरण हटकून आठवतं, कारण तो दावा ग्राहकाला स्वतः तपासता येत नाही.

इशारा मी ‘कर्मचाऱ्याने स्वतः व्हीपीएन वापरलं, चोरी नाही’ असं लिहून बंद केला. ते खरंच होतं. कुठलं पान, हे मी लिहिलं नाही. तक्रार काय होती तेही मी वाचलं नाही, पण त्यानेच नंतर सांगितलं की सुट्टीच्या दिवशी केलेले तास नोंदीत धरले जात नव्हते.

त्या रात्री मला मुलापेक्षा आमचाच राग जास्त आला होता. नाव कळणार नाही असं वचन देणारा फॉर्म आम्ही लॉगिनच्या पोर्टलवरच ठेवला होता, म्हणजे प्रत्येक तक्रारीला सेशनची कुकी चिकटून येणारच. दुसऱ्या दिवशी वरिष्ठांची परवानगी घेऊन आम्ही फॉर्म वेगळ्या नावाच्या सर्व्हरवर हलवला, जिथे पोर्टलची कुकी ब्राउझर पाठवतच नाही. पानातल्या सगळ्या स्क्रिप्ट काढल्या. आणि त्या सर्व्हरच्या सेटिंगमध्ये, कोण कुठून आलं याचा लॉगच बंद करणारी एक ओळ घातली:

```
access_log off;
```

आठवड्याने त्याच्या विभागाचे प्रमुख माझ्याकडे आले. तक्रारीची प्रत त्यांच्या हातात होती. “लॉगमध्ये काही दिसतं का बघा ना, कुणी टाकली ती?”

मी म्हटलं, “सर, फॉर्मवर वर काय लिहिलंय, ते वाचलंत का?”