शिल्लक 4,97,000, फरक 87,000, आणि प्रत्यक्षात 6,000 ची तूट: अनुदाननिहाय बजेट तक्ता करताना

संस्थेकडे तीन अनुदानं होती: एक परदेशी देणगीदाराचं, एक कंपनीच्या सीएसआरचं आणि एक स्थानिक ट्रस्टचं. 31 मार्चअखेर प्रत्येकाचा वेगळा बजेट-खर्च तक्ता द्यायचा होता. शिल्लक निधी किती आणि कुठल्या शीर्षात फरक का पडला, हे त्यातून दिसायला हवं होतं. इथे परदेशी अनुदानाचा तक्ता सविस्तर मांडते, कारण बहुतेक गोंधळ त्यातच होतात. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल केले आहेत.

प्रकल्प गावपातळीवरच्या आरोग्य कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षणाचा, 1 ऑक्टोबरपासून वर्षभराचा. सहामाही बजेट काढताना वार्षिक आकडा दोनाने भागू नये. प्रशिक्षणं डिसेंबर ते फेब्रुवारीत ठरली असतील तर त्यांचं बजेटही त्याच महिन्यांत पडलं पाहिजे. नाहीतर पहिल्या सहामाहीत नसलेला जादा खर्च दिसतो आणि त्याचं स्पष्टीकरण देत बसावं लागतं. कार्ययोजनेनुसार मांडल्यावर बजेट असं आलं: मानधन 6,24,000, प्रशिक्षण 4,20,000, प्रवास 90,000, छापील साहित्य 1,50,000, प्रशासकीय 1,20,000. एकूण 14,04,000.

खर्चाचा आकडा टॅलीतून येतो. तिथे लेजर हे खर्चाचं शीर्ष आणि कॉस्ट सेंटर हे अनुदान, अशी रचना वर्षाच्या सुरुवातीलाच करून घ्यावी. व्हाउचरवर कॉस्ट सेंटर टाकायचं राहिलं तर तो खर्च कुठल्याच अनुदानात येत नाही आणि तीनही तक्त्यांची बेरीज उत्पन्न-खर्च पत्रकाशी जुळत नाही. म्हणून तक्ता भरण्याआधी प्रत्येक लेजरची एकूण रक्कम आणि त्या लेजरच्या सगळ्या कॉस्ट सेंटरची बेरीज मी जुळवून पाहते. मग नोंदी एक्सेलमध्ये घेऊन हे सूत्र लावते. Ledger शीटच्या A स्तंभात तारीख, B मध्ये अनुदान, C मध्ये शीर्ष, F मध्ये रक्कम आहे. तक्त्याच्या शीटवर A2 मध्ये अनुदानाचं नाव, A6 मध्ये शीर्ष, H1 आणि H2 मध्ये कालावधीची सुरुवात व शेवट.

```
=SUMIFS(Ledger!$F:$F,Ledger!$B:$B,$A$2,Ledger!$C:$C,$A6,
Ledger!$A:$A,">="&$H$1,Ledger!$A:$A,"<="&$H$2)
```

खर्च निघाला तो असा: मानधन 5,70,000, प्रशिक्षण 3,72,000, प्रवास 1,17,000, साहित्य 1,38,000, प्रशासकीय 1,20,000. एकूण 13,17,000. बजेटपेक्षा 87,000 कमी.

आता शिल्लक निधी. इथे सर्वांत मोठी चूक होते, ती म्हणजे हेच 87,000 'शिल्लक' म्हणून लिहिले जातात. शिल्लक निधीचा बजेटशी संबंध नाही. तो मिळालेल्या पैशातून खर्च वजा करून निघतो. देणगीदाराकडून 18,00,000 आले होते आणि बँकेचं व्याज 14,000 जमा झालं होतं. परदेशी निधीवरचं व्याजही परदेशी योगदानच धरलं जातं, त्यामुळे ते याच तक्त्यात यायला हवं. संस्थेच्या सर्वसाधारण उत्पन्नात टाकता येत नाही. म्हणजे 18,14,000 वजा 13,17,000, शिल्लक 4,97,000. त्यातले 4,10,000 म्हणजे पुढच्या टप्प्यासाठी आधीच आलेले पैसे आणि व्याज, बाकीचे 87,000 कमी झालेल्या खर्चाचे. ही फोड तक्त्याखाली दोन ओळींत लिहिली की देणगीदाराचा पहिला प्रश्न तिथेच संपतो.

हा आकडा बँकेशी जुळला पाहिजे. दिल्लीतलं स्टेट बँकेचं एफसीआरए खातं आणि वापराचं स्थानिक खातं मिळून 5,12,000 होते, म्हणजे 15,000 जास्त. कार्यकर्त्यांना दिलेली 35,000 ची उचल बँकेतून गेली होती, पण तिची बिलं आली नव्हती, म्हणून ती खर्चात नव्हती. उलट छापखान्याचं 38,000 चं बिल आणि मार्चचा 12,000 टीडीएस खर्चात होते, पण भरायचे बाकी होते. 4,97,000 मधून 35,000 वजा, त्यात 50,000 अधिक: 5,12,000. उचल दिली त्या दिवशीच ती खर्चात टाकली असती तर शिल्लक 35,000 ने कमी दिसली असती आणि बिलांशिवायचा खर्च ऑडिटमध्ये उघडा पडला असता.

राहिली स्पष्टीकरणं. 'उपक्रम उशिरा झाल्याने खर्च कमी' हे वाक्य देणगीदाराच्या काही कामाचं नसतं. प्रत्येक फरक संख्या आणि दर यांत फोडावा, आणि तो पैसा पुढे खर्च होणार की कायमचा वाचला, हे लिहावं.

मानधनात 54,000 वाचले, कारण 18,000 मानधनाचं एक पद तीन महिने रिकामं होतं. ही कायमची बचत. प्रवासात 27,000 जादा गेले, बजेटच्या 30 टक्के. कारण शोधायला वाहनभाड्याची व्हाउचर उघडली: त्या रिकाम्या पदाची गावं समन्वयक भाड्याच्या जीपने करत होत्या, 1,800 च्या 15 फेऱ्या. म्हणजे दोन्ही फरकांचं मूळ एकच, आणि पद रिकामं राहिल्याची खरी बचत 27,000 च. दोन ओळींत दोन वेगळी कारणं लिहिली असती तर हे कुणालाच दिसलं नसतं.

प्रशिक्षणाची ओळ सर्वांत फसवी. बजेट 10 प्रशिक्षणांचं, प्रत्येकी 42,000. झाली 8, प्रत्येकी 46,500 ला, कारण मोफत धरलेलं सभागृह मिळालं नाही आणि दोन दिवसांचं भाडं 4,500 पडलं. दोन प्रशिक्षणं न झाल्याने 84,000 कमी, दर वाढल्याने 36,000 जास्त. निव्वळ 48,000 कमी. पण राहिलेली दोन एप्रिलमध्ये व्हायचीच आहेत आणि त्यांना नव्या दराने 93,000 लागतील. म्हणजे ओळ 48,000 ची बचत दाखवते, प्रत्यक्षात 45,000 ची तूट आहे. साहित्यातले 12,000 कमी दरात छपाई झाल्याने कायमचे वाचले.

सगळं एकत्र केलं तर 87,000 मधून 93,000 जाणार, म्हणजे या सहामाहीच्या कामात 6,000 कमी पडणार. पुढच्या सहामाहीतल्या प्रशिक्षणांनाही भाडं लागणार, ते वेगळंच. म्हणून 'बजेट', 'खर्च', 'फरक' यांच्यापुढे 'राहिलेल्या कामाचा अंदाज' हा स्तंभ मी जोडते. देणगीदाराच्या नमुन्यात तो नसला तरी जोडपत्रात देते.

सीएसआरच्या तक्त्यात रीत हीच, फक्त घाई जास्त. चालू प्रकल्पाचा न वापरलेला सीएसआर निधी कंपनीला आर्थिक वर्ष संपल्यापासून 30 दिवसांत वेगळ्या खात्यात टाकावा लागतो, त्यामुळे कंपनी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापासूनच आकडा मागते. ट्रस्टच्या तक्त्यात तपासण्यासारखी गोष्ट एकच होती: लेखापालांचा पगार तीन अनुदानांत वाटलेला होता, आणि टाइमशीटप्रमाणे तिन्ही टक्क्यांची बेरीज 100 च्या वर जात नाही ना, हे पाहावं लागलं.

करारात एका शीर्षातून दुसऱ्यात 10 टक्क्यांपर्यंतच परवानगीशिवाय वळवता येत होतं. प्रवास 30 टक्क्यांवर गेला होता, म्हणून तक्त्यासोबत मानधनातले 27,000 प्रवासाकडे वळवण्याची लेखी विनंती गेली, जीपच्या 15 फेऱ्यांच्या तारखा आणि गावांच्या यादीसह. ती खरं तर जानेवारीतच जायला हवी होती, प्रवासाचा खर्च मर्यादेला टेकला तेव्हा. करारात परवानगी 'खर्चापूर्वी' असं लिहिलेलं होतं.