मे महिन्यात पंधरा हजारांचे दूध: घरखर्चाची यादी वर्गवार मांडताना

आमच्या घरात खर्चाची नोंद ठेवण्याची सवय जुनी आहे. सासूबाई भाजी आणि फळे यांचा खर्च मोबाईलवर मराठीतून टिपून ठेवतात, आणि दुधाचे बिल, वीजबिल, सोसायटीचा मेंटेनन्स, मुलीच्या शाळेची फी असे मोठे खर्च मी लिहिते. एप्रिल २०२४ ते मार्च २०२५ या आर्थिक वर्षाची ही सगळी यादी मी गुगल शीट्समध्ये एकाखाली एक आणली. दर महिन्याला कोणत्या गोष्टीवर किती खर्च होतो, हे त्या लांबलचक यादीवरून कळत नव्हते, म्हणून वर्ग पाडून महिनावार बेरजा काढायचे ठरवले.

‘नोंदी’ नावाच्या शीटमध्ये मी चारच रकाने ठेवले: तारीख, तपशील, रक्कम आणि वर्ग. वर्ग प्रत्येक ओळीत हाताने लिहिण्याचे मी टाळले, कारण तपशिलात एकच वस्तू अनेक रूपांत होती. ‘दूध’, ‘दुध’, ‘दूधवाला’ आणि ‘दूध बिल’ हे चारही शब्द आपल्याला एकच वाटतात, पण शीटसाठी ते चार वेगळे शब्द आहेत. त्यामुळे आधी यादीतले सगळे वेगवेगळे तपशील एका ठिकाणी काढले.

```
=SORT(UNIQUE('नोंदी'!B2:B))
```

हे तपशील ‘यादी’ नावाच्या दुसऱ्या शीटमध्ये नुसत्या मजकुराच्या रूपात चिकटवले आणि प्रत्येकासमोर एकदाच वर्ग लिहिला. त्यानंतर ‘नोंदी’च्या चौथ्या रकान्यात पुढील सूत्र टाकून ते खालपर्यंत ओढले, म्हणजे ज्याला वर्ग मिळाला नाही ती ओळ आपोआप उघडी पडते.

```
=IFERROR(VLOOKUP(TRIM(B2),'यादी'!$A:$B,2,FALSE),"वर्ग नाही")
```

वर्ग मी दहाच ठेवले. साबण, कपडे आणि धान्य एकाच बिलात आले तर त्याचे तुकडे करायचे का, हा प्रश्न मोठ्या दुकानातल्या प्रत्येक खरेदीला येतो. पाचशे रुपयांहून महाग वस्तू असेल तरच तिची वेगळी ओळ करायची आणि बाकीचे सगळे किराण्यात धरायचे, असा नियम मी ठेवला. याहून बारीक विभागणी केली तर नोंद ठेवणेच काही महिन्यांत थांबते, असे माझे स्पष्ट मत आहे. क्रेडिट कार्डाने केलेली खरेदी ज्या दिवशी झाली त्या दिवशीच लिहिलेली असल्याने कार्डाचे बिल भरल्याच्या ओळी काढून टाकल्या. त्या राहिल्या असत्या तर तोच खर्च दोनदा धरला गेला असता.

तिसऱ्या शीटमध्ये पहिल्या रकान्यात दहा वर्ग आणि शेवटी ‘वर्ग नाही’ अशा अकरा ओळी लिहिल्या, आणि वरच्या ओळीत प्रत्येक महिन्याची पहिली तारीख टाकली. बेरजेचे सूत्र असे होते:

```
=SUMIFS('नोंदी'!$C:$C,'नोंदी'!$D:$D,$A2,
 'नोंदी'!$A:$A,">="&B$1,
 'नोंदी'!$A:$A,"<"&EDATE(B$1,1))
```

तक्ता भरला आणि दुधाच्या ओळीने लक्ष वेधून घेतले. मे महिन्यात १५,४०० रुपये आणि उरलेल्या अकराही महिन्यांत शून्य. आमच्याकडे रोज एक लिटर दूध ५६ रुपये दराने येते आणि मागच्या महिन्याचे बिल दर महिन्याच्या ५ तारखेला दिले जाते, त्यामुळे कोणत्याही महिन्यात सतराशेच्या आसपास रक्कम दिसायला हवी होती.

कारण तारखांमध्ये होते. त्या फाइलची प्रादेशिक मांडणी अमेरिकेची होती आणि तिकडे आधी महिना व मग दिवस लिहितात. त्यामुळे 05/04/2024 म्हणजे आमची ५ एप्रिल ही शीटने ४ मे म्हणून वाचली, ५ जूनची ६ मे केली आणि ५ डिसेंबरची १२ मे. एप्रिल ते डिसेंबरमध्ये दिलेली नऊही बिले अशी मे महिन्यात गोळा झाली. ती २७५ दिवसांच्या दुधाची होती आणि २७५ गुणिले ५६ म्हणजे बरोबर १५,४००. जानेवारी ते मार्च २०२५ ची तीन बिले मे २०२५ मध्ये गेली, म्हणजे तक्त्याच्या बाहेरच पडली. १३ तारखेपासून पुढच्या नोंदींचे वेगळेच झाले होते. तेरावा महिना नसल्याने शीटने त्यांना तारीख मानलेच नाही आणि साधा मजकूर म्हणून ठेवले. हा फरक डोळ्यांनीही दिसतो: खरी तारीख चौकटीत उजवीकडे चिकटते आणि मजकूर डावीकडे.

फाइलच्या सेटिंग्जमध्ये प्रदेश भारत केला, पण त्याने आधी चुकीच्या वाचलेल्या तारखा सुधारत नाहीत, फक्त त्या दाखवण्याची पद्धत बदलते. म्हणून एका रिकाम्या रकान्यात दोन्ही प्रकार सांभाळणारे सूत्र लिहिले. तारीख म्हणून वाचले गेलेले असेल तर दिवस आणि महिना यांची अदलाबदल करायची, आणि मजकूर असेल तर त्यातून दिवस, महिना, वर्ष वेगळे काढायचे.

```
=IF(ISNUMBER(A2),DATE(YEAR(A2),DAY(A2),MONTH(A2)),
 DATE(RIGHT(A2,4),MID(A2,4,2),LEFT(A2,2)))
```

हे सूत्र चालण्यासाठी मजकुरातल्या तारखा दोन आकडी दिवस, दोन आकडी महिना आणि चार आकडी वर्ष अशाच असाव्या लागतात. आलेली उत्तरे फक्त मूल्ये म्हणून पहिल्या रकान्यात चिकटवली आणि मदतीचा रकाना पुसला. एप्रिलमध्ये दुधाचे १,७३६ आणि मेमध्ये १,६८० रुपये दिसू लागले, म्हणजे मार्चचे एकतीस आणि एप्रिलचे तीस दिवस.

दुधाची चूक ठळक होती म्हणून सापडली. किराण्यासारख्या रोज बदलणाऱ्या वर्गात ती सहज दडली असती. त्यामुळे तक्त्याखाली मूळ यादीची बेरीज आणि तक्त्याची बेरीज यांतला फरक दाखवणारी चौकट केली.

```
=SUM('नोंदी'!C:C)-SUM(B2:M12)
```

मजकूर झालेल्या किंवा वर्षाबाहेर गेलेल्या तारखा इथे पकडल्या जातात. एप्रिलची नोंद मेमध्ये गेली तर मात्र वर्षाची बेरीज तीच राहते आणि ही चौकट शून्यच दाखवते. त्यासाठी वीज, दूध, मेंटेनन्स अशा दरमहा एकदाच येणाऱ्या खर्चांच्या ओळी आडव्या वाचाव्या लागतात. एखाद्या महिन्यात दुप्पट आणि शेजारी रिकामे दिसले की तारीख तपासायची.

फरक शून्य आला तरी भाजीचा खर्च मला अपेक्षेपेक्षा फारच कमी वाटत होता. सासूबाईंच्या नोंदीत रकमा ‘१२०’ अशा देवनागरी अंकांत होत्या, तर काही ठिकाणी ‘450/-’ असे होते. शीट या दोन्हींना मजकूर मानते, आणि SUM व SUMIFS ही दोन्ही सूत्रे मजकूर सोडून देतात. दोन्ही बाजूंनी तीच रक्कम गळत असल्याने फरक शून्यच राहतो. म्हणून दुसरी चौकट लागते, जी भरलेल्या चौकटींतून अंक असलेल्या चौकटी वजा करते.

```
=COUNTA('नोंदी'!C2:C)-COUNT('नोंदी'!C2:C)
```

रकमेचा रकाना निवडून ‘शोधा आणि बदला’ वापरले, ० ते ९ हे अंक एकेक करून 0 ते 9 मध्ये बदलले, ‘/-’ काढून टाकले, आणि ही चौकट शून्यावर आली. सासूबाई आजही मराठी अंकांतच लिहितात आणि त्यांनी तसेच लिहावे असे मला वाटते. महिनाअखेरीस त्यांच्या नोंदी चिकटवल्या की हाच बदल मी करते, आणि दोन्ही चौकटी शून्य झाल्याशिवाय त्या महिन्याचा रकाना वाचायला घेत नाही.