सरपंचबाईंना लिहिलेली सत्तावीस पत्रं

शुक्रवार, रात्री साडेनऊ

सातवीच्या पोरांची पत्रं समोर घेऊन बसलोय. गेल्या वर्षी औपचारिक पत्र शिकवलं तेव्हा फळ्यावर नमुना लिहिला आणि तसंच पत्र लिहायला सांगितलं. सगळ्यांची पत्रं एकसारखी आली, फक्त खालचं नाव वेगळं. चूक माझी होती. नमुना आणि लिहायचं पत्र एकाच विषयाचं असलं की पोरं लिहीत नाहीत, उतरवतात.

या वेळी खरं काम हाताशी होतं. शाळेच्या फाटकाजवळच्या हापशीला सकाळी पाणी लवकर येतच नाही. म्हणून पत्र सरपंचांना लिहायचं ठरलं. नमुना मात्र मुद्दाम वेगळा घेतला: पोस्टमास्तरांना पत्र, सातवीच्या मुलांना पोस्टाचं कामकाज पाहू द्यावं म्हणून. तो फळ्यावर लिहिला आणि प्रत्येक वाक्य कशासाठी आहे ते पोरांकडूनच काढून घेतलं. ‘आपण कोण’, ‘काय घडतंय’, ‘नेमकं काय हवं’, ‘आभार’. हे शब्द समासात मांडले आणि मग डस्टर घेऊन पत्रच पुसून टाकलं. उरला तो समास आणि वरखालची चौकट: दिनांक, प्रति, विषय, मायना, सही, पत्ता. “सर, आता पाहून कायचं लिवाचं?” असा गलका झाला. पण पाच मिनिटांत वर्ग खाली मान घालून लिहायला लागला.

पहिल्या मसुद्यांमध्ये एक वाक्य जवळजवळ सगळ्यांकडे होतं: “आम्हाला खूप त्रास होतो, तरी कृपया लक्ष द्यावे.” एका मुलीचा विषय होता, ‘हापशीबाबत’.

मग वह्यांची अदलाबदल केली. आधी मी तपासायला सांगायचो तेव्हा पोरं ऱ्हस्व-दीर्घाला गोल करायची, खाली ‘छान’ लिहायची आणि मोकळी व्हायची. या खेपेला पहिल्या फेरीत वहीवर पेन लावू दिलं नाही. सांगितलं, तू सरपंच आहेस. हे पत्र वाचून कोणाला, कुठे, काय करायला पाठवशील ते चिठ्ठीवर लिही. पत्रात नसेल ते लिहायचं नाही. त्या मुलीच्या जोडीदाराची चिठ्ठी आली: “माणूस पाठवीन. पण गावात तीन हापश्या हायेत. कोणती?” मी लाल शाईनं ‘विषय स्पष्ट हवा’ लिहिलं असतं तर तिनं नुसती मान हलवली असती. चिठ्ठी वाचून ती उठली आणि मधल्या सुट्टीत मैत्रिणीला घेऊन दांडा मोजत बसली. तिचं दुसरं लेखन असं:

“विषय : शाळेच्या फाटकाजवळील हातपंप दुरुस्त करण्याबाबत.

आम्ही जिल्हा परिषद शाळेत इयत्ता सातवीत शिकतो. आमच्या शाळेच्या फाटकाजवळील हातपंपाला दिवाळीच्या सुट्टीनंतर नीट पाणी येत नाही. आज आम्ही मोजले, तेव्हा पन्नास वेळा दांडा मारल्यावर पाणी आले. पहिली-दुसरीच्या मुलांना तो हापसता येत नाही. तरी दुरुस्तीसाठी माणूस पाठवून हातपंपाची तपासणी करावी, ही विनंती.”

हापशीचा वायसर गेला की आणखी काही, ते तिनं लिहिलं नाही. तेच बरं. जे मोजलं तेवढंच लिहिलं.

चौकट दुसऱ्या फेरीत तपासली. दिनांक आहे का, सही आहे का, मुलीनं ‘आपली विश्वासू’ लिहिलं का. एकीनं शेवटी ‘तुमची पुतणी’ लिहिलं होतं, कारण सरपंच तिच्या खरोखर काकू आहेत. घरी काकूच, पण हे पत्र सरपंचांना आहे, हे समजावण्यात बराच वेळ गेला. तो वेळ मला वाया गेला असं वाटत नाही.

पण एक चूक दोन्ही फेऱ्यांतून सुटली. सत्तावीसपैकी चोवीस पत्रांत मायना ‘महोदय’. नमुन्यात पोस्टमास्तर होते, म्हणून लिहिणाऱ्यानं ते उचललं आणि तपासणाऱ्याच्याही डोक्यात तोच नमुना, म्हणून त्याला खटकलं नाही. मलाही नाही. शेवटच्या बाकावरून एक पोरगी बोलली, “सर, सरपंच त बाई हाये नं. मंग महोदय कायले?” पुढच्या वेळी एक नमुना पुरुषाला आणि एक बाईला लिहिलेला घ्यायचा.

वर्गानं एक पत्र निवडलं, त्यावर सगळ्यांच्या सह्या झाल्या. आज दुपारी दोन मुलांना घेऊन ग्रामपंचायतीत गेलो. दोन प्रती नेल्या होत्या. एक तिथे ठेवली, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतला. मुलांनी क्रमांक वहीत उतरवून घेतला. परतताना एकानं विचारलं, “उत्तर नाही आलं त?”

मग स्मरणपत्र लिहायचं, म्हटलं, आणि त्यात पहिल्याच ओळीत आजची तारीख आणि हा क्रमांक. सोमवारी त्याचीच चौकट फळ्यावर घेणार आहे.