चौथा खर्डा

आज सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत बसून शिष्यवृत्तीचा निबंध चौथ्यांदा लिहिला. मर्यादा ५०० शब्दांची, आणि आधीच्या खर्ड्यात ३५० शब्द नुसतं 'बनगरवाडी'चं कथानक! ताईने पेन्सिलने सगळं खोडलं. म्हणाली, "गोष्ट माडगूळकरांनी सांगितलीय. तुझं काय?"

मग एकच प्रसंग ठेवला, दुष्काळात वाडी ओस पडते तो. आठवीत वाचून रडले होते. त्याच सुट्टीत मामाच्या गावी विहिरीत दोर सोडून पाणी किती हात खाली गेलंय ते मोजलं नि वहीत लिहिलं. मग दर मे महिन्यात, सलग चार वर्षं. भूजलशास्त्र शिकायचंय ते त्या वहीपायी. 'या कादंबरीने माझं आयुष्य बदललं' हे वाक्य मात्र उडवलं (नाटकीच होतं जरा). आता ४६२ शब्द झालेत. वहीचा फोटो जोडता येत नाही म्हणे!